विश्लेषण : सबस्क्रिप्शन बंद केलं की जुना दर जातो, पण तो जपण्यासाठी पैसे भरत राहणं परवडतं का?

लग्नांचे फोटो काढणारा नाशिकचा माझा एक मित्र फोटो एडिटिंगच्या एका अ‍ॅपसाठी महिन्याला ४५० रुपये भरतो. नव्या ग्राहकांसाठी हाच दर आता ६०० रुपये झाला आहे. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे चार महिने त्याचं हे अ‍ॅप जवळपास पडून असतं. यंदा आषाढीनंतर त्याने सबस्क्रिप्शन बंद करायला घेतलं, तर स्क्रीनवर सूचना आली : ‘आत्ता बंद केलंत, तर सध्याचा दर पुन्हा मिळणार नाही.’ तो थांबला आणि मला फोन केला. ‘बंद करू की भरत राहू?’

हा प्रश्न आता घराघरात पडतो. संगीत, सिनेमा, क्लाउड स्टोरेज, व्यायामाचं अ‍ॅप, अभ्यासाचं अ‍ॅप, सगळीकडे जुन्या ग्राहकाचा दर वेगळा आणि नव्याचा वेगळा असू शकतो. उत्तर मात्र भावनेवर नाही, एका साध्या भागाकारावर ठरतं.

जुना दर टिकतो कसा?

मुंबईतल्या पागडीच्या खोलीचं उदाहरण डोळ्यांसमोर आणा. जुना भाडेकरू नाममात्र भाडं देतो. पण खोली सोडली की त्या भाड्यात परत येता येत नाही. अ‍ॅपच्या जगात साधारण तसंच आहे. गुगल प्लेवर एखाद्या कंपनीने सबस्क्रिप्शनचा दर बदलला, तर तो आपोआप फक्त नव्या ग्राहकांना लागू होतो. आधीचे ग्राहक जुन्या दराच्या गटात राहतात. कंपनीने तो गट बंद करायचं ठरवलं, तरच त्यांना नवा दर लागतो.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. ‘रद्द करा’ दाबलं म्हणजे फक्त पुढचं नूतनीकरण थांबतं. भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत सेवा चालू राहते आणि त्या मुदतीत निर्णय बदलला, तर तेच सबस्क्रिप्शन जुन्या दराने पुन्हा सुरू करता येतं. मुदत संपली की मात्र तुम्ही नवे ग्राहक. म्हणजे जुना दर बटण दाबल्यावर लगेच जात नाही, मुदत संपल्यावर जातो. विचार करायला तेवढे दिवस हातात असतात.

हिशेब कसा मांडायचा?

मित्राचा हिशेब असा. वर्षभर भरत राहिला, तर १२ गुणिले ४५० म्हणजे ५,४०० रुपये. दर पावसाळ्यात चार महिने बंद ठेवून उरलेले आठ महिने नव्या दराने घेतलं, तर ८ गुणिले ६०० म्हणजे ४,८०० रुपये. जुना दर सोडूनही वर्षाला ६०० रुपये वाचतात. ज्या दराला तो ‘आपला फायदा’ समजत होता, तो न वापरलेल्या चार महिन्यांच्या १,८०० रुपयांत बुडत होता.

यातून एक सोपा नियम निघतो. जुन्या दराला नव्या दराने भागा आणि १२ ने गुणा. इथे ४५० भागिले ६०० गुणिले १२, म्हणजे ९ महिने. वर्षात यापेक्षा कमी महिने वापर असेल, तर बंद-चालू करणं स्वस्त. यापेक्षा जास्त वापर असेल, तर जुना दर धरून ठेवणं स्वस्त. मित्राचा वापर आठ महिन्यांचा, म्हणून त्याने सोडणं योग्य. त्याच अ‍ॅपवर जाहिरातीचं काम वर्षातले अकरा महिने करणाऱ्याला नव्या दराने ६,६०० रुपये लागतील. त्याने ५,४०० भरून गप्प राहावं.

दरांतलं अंतर वाढलं की उत्तर उलटतं. नवा दर ६०० ऐवजी ९०० असता, तर नियमाचं उत्तर ६ महिने आलं असतं. आठ महिन्यांचे ७,२०० रुपये झाले असते आणि मित्राला न वापरलेले चार महिनेही भरत राहणंच परवडलं असतं.

एकदाच सुट्टी घ्यायची असेल तर?

दर वर्षी बंद-चालू करणं वेगळं आणि एकदाच खंड पाडणं वेगळं. समजा, परीक्षा, आजारपण किंवा परगावची नोकरी यामुळे चार महिने सेवा नको आहे आणि त्यानंतर ती कायम हवी आहे. मग आत्ता वाचतात १,८०० रुपये. परतल्यावर दर महिन्याला १५० रुपये जास्त जातात. १,८०० भागिले १५० म्हणजे १२. परतल्यानंतर बाराव्या महिन्यात वाचलेले पैसे संपतात आणि तेराव्यापासून तोटा सुरू होतो.

म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न ‘पुन्हा महाग मिळेल का’ हा नाही. महाग मिळेलच. विचारायचं हे, की ‘परतल्यावर मी किती महिने राहणार?’ बहुतेकांची चूक इथे होते. आपण ‘कायम’ म्हणतो, पण दोन वर्षांपूर्वी ‘कायम’ म्हणून घेतलेली किती अ‍ॅप्स आज उघडतो, हे फोनमध्येच दिसतं.

दरांतलं अंतर किरकोळ असेल, तर ही भीती आणखी पोकळ ठरते. भारतात यूट्यूब प्रीमियमचा वैयक्तिक मासिक दर ऑगस्ट २०२४ मध्ये १२९ वरून १४९ रुपये झाला. एवढ्याच अंतराचं कुठलंही सबस्क्रिप्शन जुन्या दराने तुमच्याकडे असेल आणि चार महिने नको असेल, तर ५१६ रुपये वाचतात. महिन्याला २० रुपये जास्त देऊन ते संपायला २५ महिन्यांहून अधिक काळ जातो. इतक्या लांबचा हिशेब धरून आज पैसे घालवण्यात अर्थ नाही.

जुना दर कायमचा असतो का?

नाही, आणि हिशेबातला हा सर्वात दुर्लक्षित भाग आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत नेटफ्लिक्सने नव्या ग्राहकांसाठी दर ७.९९ वरून ८.९९ डॉलर केला. जुन्यांना दोन वर्षं जुनाच दर ठेवला. २०१६ मध्ये ती सवलत संपली आणि तोवर दर ९.९९ डॉलरवर गेला होता. यूट्यूबच्या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या सशुल्क ग्राहकांनाही ९.९९ डॉलरचा दर अनेक वर्षं मिळाला. २०२३ च्या अखेरीस त्यांना तो बंद होत असल्याचं कळवण्यात आलं.

म्हणजे जुना दर हा हक्क नाही, कंपनीने दिलेली मुदत आहे. दरवाढीच्या दिवशी सगळे एकदम सोडून जाऊ नयेत, म्हणून ती दिली जाते. त्यामुळे ‘पाच वर्षांत इतके वाचतील’ असा हिशेब मांडू नका. फार तर एक-दोन वर्षांचा मांडा. तेवढ्यात सोडणं आणि राहणं यांत फरक पडत नसेल, तर सोडून द्या.

दर नेहमी वरच जातात, हेही खरं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने भारतात बेसिक प्लॅन ४९९ वरून १९९ रुपयांवर आणला. त्याआधी सोडून गेलेल्याला परतताना उलट स्वस्त मिळालं. शिवाय गुगल प्लेच्या रचनेत दर कमी झाला, तरी जुना ग्राहक आपोआप खाली येईलच असं नाही. तो जुन्या, महाग दरावर अडकू शकतो. त्यामुळे वर्षातून एकदा लॉग-आउट करून नव्या ग्राहकाला कोणता दर दिसतो, ते पाहा.

न सोडताही दर जातो, तो कसा?

ठरवून सोडणाऱ्याचा तोटा हिशेबात असतो. नकळत सुटलेल्याचा नसतो.

पहिलं कारण पेमेंट. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांमुळे कार्डवरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी ग्राहकाची मंजुरी नोंदवलेली असणं आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना देणं बंधनकारक झालं. नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे. पण कार्ड बदललं, त्याची मुदत संपली किंवा यूपीआय ऑटोपेची मंजुरी रद्द झाली, की पैसे कापले जात नाहीत. सेवा देणारा काही दिवस वाट पाहतो. त्या काळात पैसे भरले नाहीत, तर सबस्क्रिप्शन संपतं आणि त्यासोबत जुना दरही. नवं कार्ड हातात आलं की आधी ही जोडणी बदला.

दुसरं कारण न वाचलेली सूचना. कंपनी जुन्या ग्राहकांकडे नव्या दराला मंजुरी मागते, तेव्हा गप्प राहणं म्हणजे नकार ठरू शकतो आणि पुढच्या नूतनीकरणाला सबस्क्रिप्शन संपतं. तिसरं कारण प्लॅन बदलणं. मासिकवरून वार्षिक किंवा एकट्याच्या प्लॅनवरून कौटुंबिक प्लॅनवर जाताना बहुधा आजचा दर लागतो. बदल पक्का करण्याआधी शेवटच्या स्क्रीनवरची रक्कम वाचा.

सोडण्याआधी एक जागा जरूर पाहा. प्ले स्टोअरच्या ‘पेमेंट आणि सबस्क्रिप्शन’मध्ये काही अ‍ॅप्सना तात्पुरतं थांबवण्याची सोय असते. ती असेल, तर सबस्क्रिप्शन न संपवता काही आठवडे ते तीन महिने पैसे थांबतात. पुढच्या नूतनीकरणाची रक्कम तिथेच दिसते. ती जुनीच आहे ना, हे पाहून थांबवा.

मग ती सूचना धमकी की माहिती?

दर खरोखर जाणार असेल, तर तसं सांगणं ही माहितीच आहे. पण रद्द करण्याचं बटण लपवून, खोटी घाई दाखवून किंवा ग्राहकाला लाजवून थांबवणं हा वेगळा प्रकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ फसव्या पद्धती नमूद केल्या आहेत. खोटी घाई, लाजवणं आणि सबस्क्रिप्शनचा सापळा या तिन्ही त्यात आहेत. आमच्या मते, जुना दर जाणार असं सांगणाऱ्या स्क्रीनवर नवा दर किती, हेही त्याच आकाराच्या अक्षरांत लिहिणं कंपन्यांना सक्तीचं व्हायला हवं. त्या एका आकड्याशिवाय ग्राहकाला भागाकार करता येत नाही, उरते ती फक्त भीती.

मित्राने शेवटी सबस्क्रिप्शन बंद केलं. तुळशीच्या लग्नानंतर पहिली ऑर्डर आली, की तो ६०० रुपये भरून परत येणार आहे.