‘तुकडा तपासायला घेतला’ म्हणजे नेमके काय?

आमच्या मोहल्ल्यातील एक तरुण त्याच्या अम्मीचा एन्डोस्कोपीचा रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आला. अम्मी घरीच होत्या. दार लोटून घेत तो हळूच म्हणाला, “डॉक्टरसाहेब, पोटात गाठ निघाली आहे आणि तुकडा काढून पाठवला आहे. अम्मीला अजून सांगितलेलं नाही. सगळे म्हणतात, तुकडा घेतला म्हणजे कॅन्सरच.”

रिपोर्टची तारीख पाहिली तर तीन आठवडे उलटले होते. “तुकड्याचा रिपोर्ट कुठे आहे?” आम्ही विचारले. तो आणलाच नव्हता. आणायला जाण्याची कुणाची हिंमत झाली नव्हती. आम्ही त्याला लगेच लॅबमध्ये पाठवले आणि येताना खालांनाही बरोबर आणायला सांगितले. रिपोर्ट त्यांचा होता आणि तो समजून घेण्याचा पहिला हक्कही त्यांचाच होता.

खालांचे वय ५२. आठ महिन्यांपासून पोटाच्या वरच्या भागात जळजळ, चार घास खाताच पोट भरल्यासारखे वाटणे आणि अधूनमधून मळमळ. आम्लाची गोळी त्या रोज सकाळी न चुकता घेत होत्या. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवाल्याकडून आणलेली वेदनाशामक गोळीही चालू होती. ही दुसरी गोळी त्यांनी एन्डोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांना सांगितलीच नव्हती, कारण “ती पोटाची थोडीच आहे!”

रिपोर्टवर चार गोष्टी होत्या. आम्ही त्या खालांना एकेक करून सांगितल्या.

पहिली, ‘अँट्रल गॅस्ट्रायटिस’. जठराचा जो खालचा भाग आतड्याकडे उघडतो, त्याला अँट्रम म्हणतात. तिथले आतले अस्तर लाल आणि सुजलेले दिसले, एवढाच याचा अर्थ. ही व्रण किंवा जखम नव्हे. असती तर रिपोर्टमध्ये ‘अल्सर’ असा शब्द आला असता. मात्र दुर्बिणीतून दिसणारी लाली फसवी असते. काहींचे अस्तर लालभडक असूनही त्यांना त्रास नसतो, तर काहींचे अस्तर स्वच्छ असूनही पोट दुखत राहते. सूज खरोखर आहे का आणि कशामुळे आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहिल्यावरच पक्के होते.

दुसरी, ‘४ मिलिमीटरचा सेसाइल पॉलिप’. पॉलिप म्हणजे अस्तरावर आलेला उंचवटा. ‘सेसाइल’ म्हणजे देठ नसलेला, पसरट बुडाचा. चार मिलिमीटर म्हणजे साधारण ज्वारीच्या दाण्याएवढा. घरच्यांनी ज्याला ‘गाठ’ म्हटले ती ही. जठरातले बहुतेक पॉलिप निरुपद्रवी असतात. काही जुन्या सुजेमुळे येतात, काही आम्लाची गोळी दीर्घकाळ घेतल्याने येतात. थोडे मात्र ‘ॲडिनोमा’ जातीचे असतात. त्यांचे पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होऊ शकते, म्हणून ते काढून टाकावेच लागतात. ही जात नुसत्या नजरेने खात्रीने सांगता येत नाही. आणि एवढ्याशा पॉलिपमुळे पोट दुखत नाही. तो शोधताना सापडलेला असतो, त्रासाचे कारण बहुधा दुसरेच असते.

तिसरी, ‘बायोप्सी घेतली’. दुर्बिणीच्या नळीतून बारीक चिमटा आत सोडून अस्तराचे दोन-तीन मिलिमीटरचे कण टिपतात. अस्तराला चिमटा घेतल्याची वेदना कळत नाही, म्हणून खालांना ते समजलेही नाही. तुकडा घेणे म्हणजे डॉक्टरांना कॅन्सर दिसला असे मुळीच नाही. लाली दिसली तरी, पॉलिप दिसला तरी, जंतू शोधायचा असला तरी तुकडा घेतात. खालांचे तुकडे जठराच्या खालच्या भागातून, वरच्या भागातून आणि पॉलिपमधून असे वेगवेगळे घेतले होते.

चौथी, ‘आरयूटी निगेटिव्ह’. ही जंतूची झटपट चाचणी. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू जठराच्या आम्लातही तग धरतो, कारण तो युरियापासून अमोनिया तयार करून स्वतःभोवतीचे आम्ल सौम्य करतो. तुकडा युरिया असलेल्या चाचणीत टाकला आणि रंग बदलला, तर जंतू आहे. या जंतूचा जठराच्या सुजेशी आणि अल्सरशी संबंध दाखवणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. खालांच्या चाचणीत रंग बदलला नव्हता, म्हणून घरच्यांनी “जंतू नाही” असे धरले होते.

पण आम्हाला रोजची आम्लाची गोळी आठवली. “तपासणीआधी ती बंद केली होती का?” खाला म्हणाल्या, “आदल्या दिवशीही घेतली होती.” या गोळीने जंतूंची संख्या घटते आणि चाचणी खोटीच निगेटिव्ह येऊ शकते. त्यासाठी ती आधी दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद असावी लागतात. अर्थात ती कुणी बंद करायची आणि कुणी नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

तासाभरात मुलगा बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आला. त्यात ‘क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस’ असे होते. म्हणजे सूज जुनी आहे आणि आजही चालू आहे. जठराच्या वरच्या भागातल्या तुकड्यात हेलिकोबॅक्टर जंतू दिसले होते. पॉलिप ‘हायपरप्लास्टिक’, म्हणजे जुन्या सुजेतून येणारा होता. शेवटी लिहिले होते, ‘डिसप्लेजिया नाही, मॅलिग्नन्सी नाही’. पेशींमध्ये कॅन्सरकडे झुकणारा बदल नाही आणि कॅन्सरही नाही. मुलाने तो कागद दोनदा वाचला. खाला त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, “तीन आठवडे माझ्यापासून तोंड का लपवत होतास, ते आज कळलं.”

जी भीती वाटत होती ती खोटी ठरली, पण ज्याचा उपचार हवा होता तो जंतू त्याच न आणलेल्या कागदात होता. एन्डोस्कोपीचा रिपोर्ट त्याच दिवशी हातात पडतो, बायोप्सीचा मात्र साधारण आठवडाभराने येतो आणि बऱ्याचदा स्वतः जाऊन आणावा लागतो. तो आल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे समजू नये.

पोटाच्या तज्ज्ञांनी खालांना १४ दिवसांचा कोर्स दिला. आम्लाची गोळी आणि सोबत प्रतिजैविके. तोंडाला धातूसारखी चव येईल, मळमळेल, तरी विचारल्याशिवाय मध्येच सोडायचा नाही, कारण अर्धवट कोर्सने जंतू मरत नाही आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडेनासे होते. औषधे दिवसातून अनेकदा घ्यावी लागतात, त्यामुळे रमजान जवळ असेल तर कोर्स कधी सुरू करायचा ते डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे. गुडघ्याची गोळीही बंद झाली, कारण तीसुद्धा जठराचे अस्तर खराब करते.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला की नाही हे श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीने पाहायचे. रक्ताची अँटिबॉडी चाचणी इथे कामाची नाही. जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते. खालांची श्वासाची चाचणी निगेटिव्ह आली. मळमळ गेली, जळजळ पुष्कळ कमी झाली, जेवणानंतरचे जडपण मात्र थोडे उरले आहे. जंतू गेला की प्रत्येकाची प्रत्येक तक्रार जातेच असे नाही, हे आम्ही त्यांना आधीच सांगितले होते. असे पॉलिप जंतू गेल्यावर कधी कधी आपोआप विरतात. तज्ज्ञांनी पुन्हा दुर्बीण घालून पाहण्याची तारीख दिली आहे.

तोवर काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणे, वारंवार उलट्या किंवा कारण नसताना वजन घटणे यांपैकी काही दिसले, तर त्या तारखेची वाट पाहायची नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून त्या चालू असतील तर डॉक्टरांना तेही सांगायचे. खालांनी आता पिशवीतल्या सगळ्या गोळ्यांची यादी करून ठेवली आहे, गुडघ्याच्या गोळीसकट.