न दिसणाऱ्या कामाची चाळणी

काजूच्या कारखान्यात गर सोलायला बसलेल्या बाईंना किलोवर पैसे मिळतात. तुकडा जास्त पडला की मुकादम बोलतो, कधी पैसेही कापतो. पण समोर माल किती पडला आहे आणि शेजारणीच्या ताटात काय आहे, हे त्यांना दिसत असतं. घरी बसून संगणकावर तुकड्यातुकड्याचं काम करणाऱ्यांना नेमकं हेच दिसत नाही. त्यांच्या पडद्यावर यादी येते, ती सगळी कामांची यादी आहे असं वाटतं, आणि ती तशी नसते.

ही कामं बारीक असतात. फोटोतल्या रिक्षेभोवती चौकट आखा, पावतीवरची रक्कम टंकून काढा, अर्ध्या मिनिटाची ध्वनिफीत ऐकून लिहून द्या. एकेका तुकड्याला काही पैसे किंवा काही सेंट. या धंद्याचा जुना बाजार म्हणजे ॲमेझॉनचं मेकॅनिकल टर्क, २००५च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं. पानोस इपिरोटिस यांनी २०१०मध्ये तिथल्या कामगारांची पाहणी केली, तेव्हा साधारण एक तृतीयांश लोक भारतातले निघाले. नंतर बाजार बदलला, कंपन्या वाढल्या. पण कोणाला कोणतं काम दाखवायचं, हे ठरवण्याची जी पद्धत तिथे बसली ती बहुतेकांनी थोड्याफार फरकाने उचलली. म्हणून आज तिच्याबद्दलच लिहितो.

काम टाकणारा, म्हणजे रिक्वेस्टर, प्रत्येक कामाला अटी लावू शकतो. कामगाराची मंजुरीची टक्केवारी अमुक हवी, आजवर मंजूर झालेली कामं इतकी हवीत, देश हा हवा. शिवाय स्वतःची पात्रता चाचणीही घेऊ शकतो. इथवर आक्षेप घेण्यासारखं काही नाही. कोणीही माणूस पारखूनच घेतो. मेख पुढे आहे. अट पूर्ण न करणाऱ्या कामगाराला नेमकं कुठे अडवायचं, हेही रिक्वेस्टर निवडतो, आणि त्यासाठी तीन पर्याय आहेत. पहिला `Accept`: काम यादीत दिसतं, उघडून बघता येतं, फक्त घेता येत नाही. दुसरा `PreviewAndAccept`: यादीत दिसतं, पण आत डोकावता येत नाही. तिसरा `DiscoverPreviewAndAccept`: काम यादीतच येत नाही.

पहिल्या दोन पर्यायांत कामगाराला निदान कळतं की दार आहे आणि आपल्याला बंद आहे. कोणती पात्रता कमी पडली तेही तिथे कळतं. मग चाचणी द्यायची की टक्का सुधारायचा, हे त्याला ठरवता येतं. तिसऱ्यात दारच नाही. आज काम कमी आलं की आपल्याला कमी दाखवलं, हे कळायला त्याच्याकडे एकच साधन उरतं: त्याच बाजारात काम करणाऱ्या दुसऱ्या कोणाशी यादी ताडून पाहणं. एकट्याने घरात बसून काम करणाऱ्याला तेही जमत नाही.

आता टक्केवारीकडे येऊ. तिचा हिशेब दिसतो तितका साधा नाही. समजा, रत्नागिरीत नाचणे रोडवर राहणाऱ्या एका मुलीने आजवर १२०० कामं पाठवली आणि त्यांतली ११८८ मंजूर झाली. टक्का ९९. एका नव्या रिक्वेस्टरची ४० कामं तिने एका बैठकीत केली. त्याची पद्धत अशी की एकच तुकडा तिघांना द्यायचा आणि ज्याचं उत्तर बाकी दोघांशी जुळत नाही त्याचं नाकारायचं. सूचना मोघम होत्या, तिने त्यांचा एक अर्थ लावला, बाकीच्या बहुतेकांनी दुसरा. चाळीसच्या चाळीस नाकारली गेली. टक्का उतरला ९५.८ वर.

त्या ४० तुकड्यांचे पैसे गेले, ते सोडून देऊ. बऱ्या पैशांची कामं टाकणारे पुष्कळदा ९८ टक्क्यांची अट लावतात. तिथवर परत चढायला तिला ओळीने १३६० कामं एकही नकार न येता मंजूर करून घ्यावी लागतील. पुन्हा ९९ गाठायचे तर ३९६०. एका संध्याकाळी उतरलेला टक्का भरून काढायला कित्येक महिने, आणि ते महिने कमी दराच्या कामांवर, कारण बाकीची आता दिसतच नाहीत. नाकारणाऱ्याला याचा काही भुर्दंड नाही. पैसे वाचतात, आणि नाकारलेल्या कामातली उत्तरं त्याच्याकडेच राहतात.

नव्या माणसाची अडचण वेगळी. पहिली १०० कामं पाठवेपर्यंत मेकॅनिकल टर्क त्याची टक्केवारी १०० धरतं, कारण थोड्या कामांवरचा टक्का निरर्थक असतो. हा विचार रास्त आहे. पण हे रिक्वेस्टरलाही माहीत असतं, म्हणून तो टक्क्याच्या जोडीला ५०० किंवा १००० मंजूर कामांची अट लावतो. ती संख्या गाठायची कशी? ज्यांना कसलीच अट नाही अशी कामं करून. आणि अट नसलेली कामं बहुधा सगळ्यांत स्वस्त असतात. नवशिक्याचा पहिला काळ असा शिकाऊ मजुरीत जातो, फक्त तिला तसं कोणी म्हणत नाही. ‘मास्टर’ नावाचा एक वरचा वर्गही आहे, आणि त्याला ना चाचणी आहे ना अर्ज. ॲमेझॉन स्वतःच्या आकडेमोडीतून तो बहाल करतं.

चाचणीचं काय? चाचणी निदान उघड असते, प्रश्न समोर असतात. ती टक्केवारीपेक्षा न्याय्य वाटते आणि पुष्कळदा असतेही. पण चाचणी तपासतो तो उत्तरांचा तक्ता, आणि मराठी कामात हा तक्ता कसा गोत्यात आणतो ते सांगायला हवं. हस्तलिखित मराठी शब्द टंकून काढायची २० शब्दांची चाचणी आहे, उत्तीर्ण व्हायला १८ बरोबर हवेत असं धरू. त्यात ‘वाऱ्यावर’ हा शब्द आहे. कोकणात राहणाऱ्याला दऱ्या आणि वारे काही नवे नाहीत, तो बिनचूक टंकतो. मात्र हा ‘ऱ्य’ संगणकात दोन तऱ्हांनी साठतो:

```
वाऱ्यावर : U+0931 U+094D
वार्‍यावर : U+0930 U+094D U+200D
```

पडद्यावर दोन्ही सारखेच. कोणती तऱ्हा उमटेल ते कळफलकावर ठरतं, टंकणाऱ्यावर नाही. तक्ता बनवणाऱ्याने एक तऱ्हा वापरली, परीक्षार्थीच्या मोबाइलने दुसरी दिली आणि तपासणी अक्षराला अक्षर जुळवून होत असेल, तर उत्तर चूक. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण चालवूनही ही दोन रूपं एक होत नाहीत. तेच ‘ॲ’चं: एक सलग अक्षर, आणि दुसरं ‘अ’वर चंद्र ठेवून बनवलेलं. विसांत असे तीन शब्द आले की बाकीचे सगळे बरोबर असूनही १७ गुण आणि नापास.

नापास झाल्यावर काय? मेकॅनिकल टर्कवर चाचणी पुन्हा कधी देता येईल, हे रिक्वेस्टरने `RetryDelayInSeconds` या रकान्यात सांगायचं असतं. रकाना कोरा ठेवला तर चाचणी एकदाच. चाचणी बनवताना एक रकाना विसरला म्हणून कोणीतरी कायमचा बाहेर राहतो, आणि बाहेर राहिलेल्याला आपलं काय चुकलं ते कधीच कळत नाही.

बोलीचा प्रश्न याहून नाजूक. संगमेश्वरी बोलणाऱ्या माणसाची ध्वनिफीत लिहून काढायची आहे. तो ‘नाय’ म्हणतो. ऐकलं तसं लिहायचं की ‘नाही’ लिहायचं? दोन्ही पद्धती चालतात, पण सूचनेत एक स्पष्ट हवी. ती नसली तर पुण्यातला कामगार आणि रत्नागिरीतला कामगार वेगवेगळं लिहितील, आणि बहुमत ज्याच्या बाजूचं तो ‘अचूक’ ठरेल. बोली ज्याला खरोखर कळते तो एकटा पडण्याची शक्यता अशा वेळी जास्त.

चाळणीवाचून चालतं का, याचं एक उत्तर मराठीतच मिळालेलं आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या मनू चोप्रा, विवेक शेषाद्री आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. संगणकाची फारशी सवय नसलेल्या, मुख्यतः स्थानिक भाषाच वाचता येणाऱ्या ग्रामीण लोकांना साध्या स्मार्टफोनवर हस्तलिखित मराठी आणि हिंदी शब्द टंकायला दिले. दोन आठवड्यांच्या त्या प्रयोगात अचूकता ९६.७ टक्के आली. अशा लोकांवर चालणारी व्यवस्था व्यावसायिक टंकन कंपनीच्या तोडीची ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. याच संशोधनातून पुढे ‘कार्य’ ही संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी मराठी ध्वनिमुद्रणाचा असाच अभ्यास झाला: ३६ जणांनी १०९ तासांची सामग्री दिली, आणि अल्प उत्पन्न गटातल्या लोकांचं काम विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या तोडीचं निघालं.

मला यातला एक मुद्दा फार मोलाचा वाटतो. मेकॅनिकल टर्कच्या दारात ही माणसं अडली असती. इंग्रजी नाही, मागचा रेकॉर्ड नाही, हजार मंजूर कामं नाहीत. काम उत्तम करतात, पण कामापर्यंत पोचलेच नसते. मागची नोंद ही कसबाची खूण म्हणून वापरली जाते, आणि खूण नसली की कसबच नाही असं धरलं जातं.

चाळणी नको असं मी म्हणत नाही. वाटेल ती बटणं दाबून पैसे उकळणारे आहेत, त्यांना अडवायलाच हवं. पण त्यासाठी अडवणं पुरेसं आहे, लपवण्याची गरज नाही. तिसरा पर्याय काढून टाकला तर कुठल्याही रिक्वेस्टरचं काडीचं नुकसान होत नाही. अपात्र माणूस काम पाहील, घेऊ शकणार नाही. लपवण्याने वाचतो तो फक्त प्रश्न विचारला जाण्याचा त्रास. मराठी कामं टाकणाऱ्या संस्थांनी आणखी दोन गोष्टी कराव्यात: तपासण्याआधी ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ची सगळी रूपं एका रूपात आणावीत, आणि ज्या प्रश्नावर बरेच जण सारखंच ‘चूक’ उत्तर देतात तो प्रश्न माणसं नापास करण्याआधी स्वतः उघडून पाहावा. दहातल्या सात जणांचं एकच उत्तर चुकत असेल तर बहुधा तक्ता चुकलेला असतो.

हे काम करणाऱ्या वाचकांना दोन गोष्टी सांगतो. नव्या रिक्वेस्टरची ४० कामं एकदम करू नका. तीन-चार पाठवा, मंजुरीची वाट पाहा, मग पुढची घ्या. आणि काम नाकारलं गेलं तर लगेच लिहा, नम्रपणे आणि आपल्या उत्तराच्या कारणासह. मेकॅनिकल टर्कवर नाकारलेलं काम रिक्वेस्टर पुन्हा मंजूर करू शकतो, पण ते पाठवल्यापासून ३० दिवसांच्या आतच. ही मुदत नकाराच्या तारखेपासून मोजली जात नाही, काम पाठवल्याच्या तारखेपासून मोजली जाते.