“गोळी बंद केली नाही ना?” – “हो.”

समजा, मी तुमचं बीपी तपासता तपासता विचारलं, “गोळी बंद केली नाही ना?” आणि तुम्ही म्हणालात, “हो.” आता तुम्हीच सांगा, तुमची गोळी चालू आहे की बंद?

मी हे काही गंमत म्हणून विचारत नाही. याच प्रश्नाने मला एकदा चांगलं फसवलं आहे, आणि त्यात चूक माझी होती.

साठी ओलांडलेल्या एक मावशी माझ्याकडे बरीच वर्षं येत होत्या. बीपीसाठी रोज सकाळी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची एक गोळी, आणि बीपी छान आटोक्यात. त्या दिवशी मात्र १७६/१०२ भरलं. पाच मिनिटांनी परत घेतलं, तरी तेवढंच. बाहेर पेशंट खोळंबले होते. मी कागदावर लिहितालिहिताच विचारलं, “गोळी बंद केली नाही ना मावशी?” त्या म्हणाल्या, “हो.” मी मनात धरलं, “हो डॉक्टर, बंद केलेली नाही.” मग सरळ हिशेब केला: गोळी घेऊनही बीपी एवढं आहे, म्हणजे एक गोळी पुरत नाही. टेल्मिसार्टन ४० ची दुसरी गोळी लिहून दिली.

खरं काय होतं? तीन आठवड्यांपूर्वी गोळ्या संपल्या होत्या, त्रास काही नव्हता, म्हणून मावशींनी पुन्हा आणल्याच नव्हत्या. त्यांचा “हो” म्हणजे “हो, बंद केली.” मुलाने माझा कागद वाचून दोन्ही गोळ्या आणल्या आणि दुसऱ्या दिवसापासून नेमाने सुरू केल्या. दिवस कांदा काढणीचे. डोक्यावर ऊन, घाम, पाणी कमी. आठव्या दिवशी वाफ्यातून उठताना मावशींच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या खाली बसल्या. दवाखान्यात आणलं तेव्हा बसून बीपी १०८/६८ होतं आणि उभं केल्यावर ८४/५६. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त उतरला, तर तो धोक्याचा इशारा मानतात. इथे तो चोवीसने उतरला होता. पडून खुब्याचं हाड मोडलं नाही, हे नशीब.

मी नवी गोळी थांबवली, जुनी एकटी चालू ठेवली. दोन आठवड्यांनी बीपी १३४/८०. म्हणजे जुनी गोळी पुरत होती, फक्त ती पोटात जात नव्हती. मावशींना मी विचारलं, तर त्या साधेपणाने म्हणाल्या, “तुम्ही इचारलं बंद केली का, मी हो म्हणले.” त्यांच्या कानाने “नाही ना” ऐकलंच नव्हतं. दोष त्यांना देता येईल का? मला नाही वाटत.

आपल्या भाषेत हा घोळ मुरलेलाच आहे. “जेवला नाहीस का?” या प्रश्नाला कोणी म्हणतं “हो, नाही जेवलो”, कोणी म्हणतं “नाही, नाही जेवलो”. दोन्ही बरोबर, दोन्हींचा अर्थ एकच. पहिला माणूस विचारणाऱ्याच्या म्हणण्याला होकार देतो, दुसरा घडलेली गोष्ट सांगतो. जपानी भाषेत पहिली रीत चालते, इंग्रजीत बहुतेक दुसरी. आपल्याकडे दोन्ही नांदतात. त्यातून आपलं “नाही” हे नुसतं नकाराचं अक्षर नाही, ते “आहे”च्या उलटं क्रियापदही आहे. त्यामुळे “शुगर नाही ना?” याला कोणी नुसतं “नाही” म्हणालं तर “शुगर नाही” असं समजायचं, की “नाही हो, तसं नाही, शुगर आहे” असं?

पुढचं वाक्य आलं तर उलगडा होतो. “घेते की!” म्हटलं की संपलंच. हा “की” मोठा कामाचा शब्द आहे, समोरच्याची शंका तो एका फटक्यात खोडून काढतो. फ्रेंच लोकांकडे नकारार्थी प्रश्न खोडायला ‘सी’ असा वेगळा शब्द आहे, जर्मनांकडे ‘डोख’. आपल्याकडे ते काम हा “की” करतो. पण दवाखान्यात, डॉक्टरसमोर, माणूस भिडेपोटी एका शब्दात उत्तर देतो आणि “की” घरीच राहतो.

आणखी एक गोष्ट, आणि हिची जबाबदारी सर्वस्वी आम्हा डॉक्टरांची. “नाही ना?” हा खरा प्रश्नच नसतो. मला कोणतं उत्तर हवंय ते त्यात मी आधीच सांगून टाकलेलं असतं. गोळी बंद केलेल्या माणसाला तेव्हा आधी मला खोटं पाडावं लागतं आणि मग स्वतःची चूक कबूल करावी लागते. त्यापेक्षा “हो” सोपं. एक सर्जन मित्र म्हणतो, गर्दीत एवढा विचार करायला वेळ कुठे असतो? माझं म्हणणं, “नाही ना” आपण वेळ वाचवायलाच वापरतो, आणि मावशींच्या बाबतीत तो वाचलेला अर्धा मिनिट मला दोन जादा भेटींना पडला.

म्हणून मी आता विचारतो, “गेल्या आठवड्यात किती दिवस गोळी चुकली?” यात चुकणं गृहीतच आहे, त्यामुळे लाज कमी. शिवाय उत्तर आकड्यात येतं. जमलं तर गोळ्यांचं पाकीट बघतो. तीस दिवसांपूर्वी नेलेल्या तीस गोळ्यांतल्या अठरा शिल्लक असतील, तर हो-नाहीची गरजच उरत नाही.

उपाशीपोटी रक्त द्यायला येणाऱ्यांचंही तेच. “काही खाल्लं नाही ना?” “हो.” कोल्हारात नवरात्रात तर यात आणखी भर पडते. “उपाशी आहात ना?” म्हटलं की भगवतीचे उपास धरलेली मंडळी आनंदाने “हो” म्हणतात, आणि सकाळी साबुदाण्याची खिचडी आणि चहा झालेला असतो! त्यांच्या दृष्टीने ते खोटं बोललेले नसतात. मी विचारतो, “सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?” मग चहा निघतो, बिस्कीट निघतं, मिश्रीही निघते.

साखरेच्या तपासणीत आकडा चुकेल, फार तर परत यावं लागेल. ऑपरेशनच्या आधी मात्र हा घोळ जिवावर बेतू शकतो, कारण भूल दिल्यावर पोटातलं अन्न उलटून श्वासनळीत जाऊ शकतं. साधारण नियम असा, की हलक्या जेवणानंतर निदान सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास गेलेले असावेत. तळलेलं किंवा जड जेवण असेल तर आठ तास. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, तो जेवणात धरायचा. तेव्हा भूलतज्ज्ञांनी “काही घेतलं नाही ना?” विचारलं, तर हो किंवा नाही यातलं काहीच म्हणू नका. “रात्री नऊला भाकरी खाल्ली, पहाटे पाचला अर्धा कप चहा घेतला,” असं सांगा. औषधाची अ‍ॅलर्जी विचारली, तर “पेनिसिलिनच्या इंजेक्शनने अंगावर गांधी आल्या होत्या” किंवा “आजवर कशानेच त्रास झाला नाही” असं वाक्य पुरं करा. आणि गोळ्यांची पाकिटं, रिकामी सुद्धा, पिशवीत टाकून घेऊन या.