विकले किती, परत किती, आणि दुकानात किती?

आगोटीची खरेदी उरकली, पाऊस लागला, तरी दुकानात विक्रीस ठेवलेल्या सुक्या मासळीचे पैसे हाती नाहीत, अशा तक्रारी मुरबे-सातपाटीकडच्या बचत गटांकडून याही हंगामात आल्या. दुकानदार टाळाटाळ करतात हे खरेच आहे. पण पत्रांसोबत आलेले हिशेबाचे मेल पाहिल्यावर या अंकात आधी त्यांच्याबद्दलच लिहावे लागत आहे. मुरब्याच्या एका गटाचा मेल असा होता: ‘बोंबील आणि जवला मिळून 69 पाकिटे विकली, 17 परत आली, कमिशन देय रु. 2,750. कृपया पेमेंट करावे.’

या मेलवर कोणताही हिशेबनीस पैसे सोडणार नाही. चलनाप्रमाणे दुकानात 100 पाकिटे गेली होती. 69 आणि 17 मिळून 86 होतात. उरलेली 14 फळीवर आहेत, हरवली आहेत की नमुना म्हणून वाटली गेली, हे मेलमध्ये कुठेच नाही. पाठवलेला माल म्हणजे विकलेला, परत आलेला आणि दुकानात शिल्लक असलेला माल. ही बेरीज प्रत्येक जिनसेची वेगळी जुळली पाहिजे. बोंबील आणि जवल्याची पाकिटे एकत्र मोजली, तर एकीकडची तूट दुसरीकडे लपते.

दुसरी गफलत ‘कमिशन देय’ या शब्दांत आहे. विक्रीचे पैसे दुकानाच्या गल्ल्यात आहेत. दुकान आपले कमिशन कापून बाकी रक्कम तुम्हाला देणार. म्हणजे मागायची आहे ती निव्वळ रक्कम, आणि नेमकी तीच मेलमध्ये नाही.

खरा वाद मात्र सवलतीचा होता. 200 रुपयांच्या बोंबलाच्या पाकिटांपैकी 10 पाकिटे दुकानाने 180 रुपयांना विकली. गटाने छापील किंमत धरून विक्री 11,000 आणि 25 टक्के कमिशन 2,750 काढले, म्हणजे येणे 8,250. दुकानाने छापील किमतीवरचेच कमिशन घेतले, पण सवलत गटाच्या माथी मारून 8,050 काढले. प्रत्यक्ष विक्रीवर कमिशन धरले तर येणे 8,100 होते. तिन्ही आकडे बरोबर असू शकतात, कारण कमिशन कशावर आणि सवलत कोणाची, हे माल ठेवताना लिहून घेतलेलेच नव्हते. दुकान जीएसटी नोंदणीकृत असेल तर कमिशनवरचा 18 टक्के कर 25 टक्क्यांच्या आत की वर, हेही त्याच कागदावर हवे. वर असेल तर 2,700 च्या कमिशनवर आणखी 486 रुपये कापले जातात.

अखेर दोघांनी प्रत्यक्ष विक्रीवर कमिशन आणि कर त्यातच, असे ठरवले. मेल नव्याने लिहिला तो असा:

> विषय: मे महिन्याचा विक्री हिशेब, येणे रु. 8,100
>
> बोंबील (250 ग्रॅम): पाठवली 60, विकली 41, परत 12, दुकानात शिल्लक 7.
> जवला: पाठवली 40, विकली 28, परत 5, दुकानात शिल्लक 7.
>
> विक्री: बोंबील 31 पाकिटे 200 रुपयांनी 6,200 आणि 10 पाकिटे 180 रुपयांनी 1,800, जवला 28 पाकिटे 100 रुपयांनी 2,800. एकूण रु. 10,800.
> आपले कमिशन 25 टक्के, करासह: रु. 2,700.
> आम्हाला येणे: रु. 8,100.
>
> परत आलेल्या बोंबलापैकी 9 पाकिटे चांगली, 3 ओलसर. पोचल्या दिवशीचे फोटो जोडले आहेत. शिल्लक 14 पाकिटे आपल्या मोजणीशी जुळतात का, ते कळवावे.

ओलसर पाकिटांची ओळ वगळू नका. विकला जाईपर्यंत माल तुमचा असतो, त्यामुळे वाजवी काळजी घेऊनही तो खराब झाला तर नुकसान तुमचेच. पण सांभाळायला दिलेल्या मालाची वाजवी काळजी घेणे भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 151 प्रमाणे दुकानाला बंधनकारक आहे. पाकिटे गळक्या भिंतीला टेकवून ठेवली होती की सील मुळातच कच्चे होते, हे परत आल्या दिवशी पाहिले तरच कळते. आठवड्याने बुरशी दाखवून काही उपयोग नाही. परत आलेल्या चांगल्या मालावरची पॅकिंगची तारीख वाचूनच तो दुसऱ्या दुकानात द्या.

दुकानदारांनाही सांगणे आहे. तुमच्या बिलिंग यंत्रात कोणते पाकीट कोणत्या भावाने गेले याची नोंद असते. ती महिनाअखेरीस गटाला पाठवायला काही मिनिटे लागतात. ‘माल अजून पडून आहे’ एवढे फोनवर सांगून विकलेल्या मालाचे पैसे अडवणे हा उघड अन्याय आहे.

आणि गटांनो, शिल्लक फोनवर विचारू नका. महिन्यातून एकदा कोणीतरी दुकानात जा, फळीवरची पाकिटे स्वतः मोजा, चलनाच्या मागे आकडा लिहून दुकानदाराची सही घ्या. ज्यांचा मेचा हिशेब अडला आहे त्यांनी याच आठवड्यात जावे. पावसाळी हवेत बोंबील फार दिवस थांबत नाही.