खात्रीचे 15,390 रुपये

स्वारगेटच्या एसटी स्थानकावरच्या एखाद्या वाहकाला एक प्रश्न विचारून पाहावा. त्याच्या घरी यापुढे दर महिन्याला किती खर्च करता येईल, हे आज एकदाच नाणं उडवून आयुष्यभरासाठी ठरणार आहे. छापा पडला तर महिना 30,000 रुपये, काटा पडला तर 15,000. दुसरी कुठली शिल्लक नाही, मिळकत नाही. नाणं उडवायचं नसेल तर त्याऐवजी एक ठरलेली रक्कम दरमहा घ्यावी. किती मिळाले तर तो नाणं नको म्हणेल?

सरासरी 22,500 होते, पण तेवढ्यावर कोणी अडून बसणार नाही. घरात शिकणारी मुलं आहेत, म्हातारे आईवडील आहेत, 15,000 मध्ये भागवणं कठीण आहे. म्हणून वीस हजारांवर बरेच जण तयार होतील. फार धास्तावलेला माणूस अठरा किंवा सतरा हजारांवरही राजी होईल. पण 15,390 रुपयांवर? म्हणजे वाईटात वाईट जे घडू शकतं, त्याहून फक्त 390 रुपये जास्त मिळावेत आणि त्यासाठी 30,000 मिळण्याची निम्मी शक्यता कायमची सोडून द्यावी? असा माणूस मला अजून भेटलेला नाही. अर्थशास्त्रातलं एक साधं सूत्र मात्र सांगतं की शेअर बाजारातली किंमत ठरवणारा माणूस असाच असला पाहिजे. गेली चाळीस वर्षं अर्थशास्त्रज्ञ या कोड्याशी झुंजत आहेत. शेअर म्हणजे नेमकी कशाची जोखीम, हे त्यातून जितकं स्पष्ट होतं तितकं म्युच्युअल फंडाच्या कुठल्याही माहितीपत्रकातून होत नाही, म्हणून आजचा स्तंभ त्यावर.

1985 मध्ये रजनीश मेहरा आणि एडवर्ड प्रेस्कॉट यांनी अमेरिकेची 1889 ते 1978 अशी नव्वद वर्षांची आकडेवारी घेतली. महागाई वजा करून शेअरवर वर्षाला सरासरी 6.98 टक्के परतावा मिळाला होता आणि जवळपास बिनजोखमीच्या अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांवर 0.80 टक्के. मधला फरक 6.18 टक्क्यांचा. हाच इक्विटी प्रीमियम, म्हणजे जोखीम पत्करल्याचा जादा मोबदला. शेअर वरखाली होतात म्हणून जास्त देतात, हे आपण सगळेच म्हणतो. मेहरा-प्रेस्कॉट यांचा प्रश्न त्यापुढचा होता: जास्त देतात हे खरं, पण इतकं जास्त का?

त्यासाठी जोखीम या शब्दाचा अर्थ नीट लावावा लागतो. उपभोगावर आधारलेला सिद्धांत म्हणतो की शेअर किती उसळतो याला स्वतंत्र महत्त्व नाही. तो पडतो तेव्हा तुमच्या घरचा खर्चही आवळावा लागलेला असतो का, याला आहे. ताट भरलेलं असताना हातातून गेलेला रुपया आणि ताट अर्धं असताना गेलेला रुपया यांची किंमत सारखी नसते. नेमका दुसऱ्या वेळी दगा देणारा कागद कोणी बाळगावा असं वाटत असेल, तर त्यावर जादा परतावा द्यावा लागतो. उलट, आपल्या वाईट काळात जो कागद चढतो तो विम्यासारखा असतो आणि कमी परताव्यावरही लोक तो ठेवतात.

म्हणून हिशेबात दोनच गोष्टी उरतात. एक, शेअरचा परतावा आणि उपभोगाची वाढ एकत्र किती हलतात, म्हणजेच सहविचलन. दुसरी, जोखीमभीतीचा अंक. उपभोग एक टक्का घटला तर रुपयाची निकड किती टक्के वाढते, ते हा अंक सांगतो. प्रीमियम म्हणजे साधारणपणे या दोहोंचा गुणाकार.

आता आकडे घालू. त्या नव्वद वर्षांत शेअरच्या परताव्याचं प्रमाण विचलन 16.54 टक्के होतं. दरडोई उपभोगाच्या वाढीचं मात्र 3.57 टक्केच. अडचण इथेच आहे. बाजार थयथयाट करतो, पण सगळ्या देशाचा मिळून खर्च फारसा हलत नाही. शिवाय दोन्ही नेहमी बरोबरीने हलतात असंही नाही. त्यामुळे सहविचलन 0.0022 च्या आसपास येतं. 0.0618 ला 0.0022 ने भागलं की जोखीमभीतीचा अंक येतो 28. या अंकाचा माणूस कसा असेल? देशाचा उपभोग एखाद्या वर्षी 3.57 टक्क्यांनी घटला, तर त्याच्या लेखी रुपयाची किंमत पावणेतीनपट होते. आणि वरच्या नाणेफेकीत तो 15,390 रुपयांवर समाधान मानतो. अंक 2 असेल तर उत्तर 20,000 येतं, 10 असेल तर सुमारे 16,200. मेहरा आणि प्रेस्कॉट यांनी 10 पर्यंतचे सगळे अंक घालून पाहिले. त्यांच्या प्रतिमानातून जास्तीत जास्त 0.35 टक्के प्रीमियम निघाला, प्रत्यक्षातल्या 6.18 च्या जागी.

यावर सुचणारा उपाय म्हणजे मान्य करून टाकावं, लोक असतीलच इतके भित्रे. पण तसं केलं की दुसरं भगदाड पडतं, आणि मला तेच जास्त निर्णायक वाटतं. या सूत्रात खर्चातली कुठलीही असमानता सारखीच बोचते, मग ती नाण्यामुळे आलेली असो की काळामुळे. देश दरवर्षी 1.83 टक्क्यांनी श्रीमंत होत असेल, तर असा माणूस म्हणेल की उद्या मी सुखात असणार, मग आजच कर्ज काढून थोडं सुख भोगतो. सगळेच कर्ज मागायला निघाले की व्याजदर चढणार. अंक 10 धरला तर बिनजोखमीचा खरा व्याजदर 12 टक्क्यांच्या पुढे जायला हवा. प्रत्यक्षात तो 0.80 होता. फिलिप वाइल यांनी 1989 मध्ये या दुसऱ्या कोड्याला स्वतंत्र नाव दिलं. भीती वाढवून एक गाठ सोडवली की दुसरी आवळते.

आपल्याकडेही फरक लहान नाही. 1978-79 ला 100 धरलेला सेन्सेक्स मार्च 2024 च्या अखेरीस 73,651 वर होता. म्हणजे लाभांश न मोजताही वर्षाला सरासरी 15.8 टक्के चक्रवाढ. पीपीएफचा दर 1986 ते 2000 या काळात 12 टक्के होता आणि एप्रिल 2020 पासून 7.1 आहे. महागाई दोन्हीकडे सारखीच वजा होते, त्यामुळे फरक तसाच राहतो.

आता पुन्हा त्या वाहकाकडे येऊ. त्याच्यावर साधारण दोन वर्षांत दोन मोठे आघात झाले, आणि सिद्धांताच्या नजरेतून ते दोन्ही अगदी वेगळे आहेत.

पहिला मार्च 2020 चा. 23 तारखेला सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्के कोसळून 25,981 वर आला आणि 25 पासून देशभर टाळेबंदी लागली. स्वारगेटवरून सुटणाऱ्या गाड्या थांबल्या, पुढे पगारही रखडले. बाजार आणि घर एकाच आठवड्यात खाली आले. प्रीमियम ज्यासाठी मिळतो ती जोखीम हीच. दुसरा आघात ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेल्या आणि एप्रिल 2022 पर्यंत चाललेल्या एसटीच्या संपाचा. शासनात विलीनीकरणाची मागणी होती, महिनोन्‌महिने पगार नव्हता. एसटीच्या घरांसाठी हा काळ टाळेबंदीइतकाच कठीण होता. पण सेन्सेक्स या काळाच्या सुरुवातीला 59 हजारांच्या आणि शेवटी 57 हजारांच्या आसपासच होता. बाजाराला या दुःखाची खबरही नव्हती. त्या वाहकाकडे शेअर असते, तर संपात ते विकून किराणा भरता आला असता. त्या घराची ही मोठी जोखीम होती, तरी शेअरवरच्या जादा परताव्याशी तिचा संबंध नाही.

पण पहिल्या आघाताचं गणितही वाटतं तितकं सरळ नाही. जिल्ह्याबाहेरच्या एसटी गाड्या 20 ऑगस्ट 2020 ला पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा सेन्सेक्स 38 हजारांवर परतला होता. त्या वर्षीच्या एप्रिल ते जून तिमाहीत लोकांचा खासगी उपभोग खर्च, पहिल्या सरकारी अंदाजानुसार, सुमारे 27 टक्क्यांनी घटला. त्याच तिमाहीत बाजार चढत होता. संपूर्ण 2020-21 या आर्थिक वर्षात उपभोग आक्रसला आणि सेन्सेक्स 29,468 वरून 49,509 वर गेला. वार्षिक आकडे सूत्रात घातले तर या वर्षी शेअर विमा ठरतात! बाजार बातमीवर पडतो आणि ताट नंतर रिकामं होतं, मग हळूहळू भरतं. एकाच वर्षाच्या चौकटीत दोघांना बसवलं की त्यांचं नातं पुसलं जातं किंवा उलटंही दिसतं. म्हणूनच उपभोगाचा धक्का त्या वर्षापुरता न मोजता पुढची काही वर्षं धरून मोजावा, असा एक विचारप्रवाह आहे. रवी बन्सल आणि अमीर यारॉन यांचं 2004 चं काम वाढीच्या दीर्घकालीन जोखमीकडे बोट दाखवतं ते याच दिशेने. थॉमस रिट्झ यांनी 1988 मध्ये आणि रॉबर्ट बारो यांनी 2006 मध्ये क्वचित येणाऱ्या महासंकटांची भीती पुढे केली. माझ्या मते दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण दोन्हींत पळवाटही आहे. फार हळू येणारी किंवा फार क्वचित येणारी जोखीम आकड्यांत सापडत नाही, त्यामुळे तिचा आकार हवा तेवढा धरता येतो.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो ग्रेगरी मॅनक्यू आणि स्टीफन झेल्डिस यांनी 1991 मध्ये विचारलेला प्रश्न: आपण कोणाचं ताट मोजतो आहोत? देशाच्या सरासरी उपभोगात त्या वाहकाचाही खर्च आहे आणि ज्याच्याकडे शेअर कधी नव्हतेच अशा रिक्षावाल्याचाही. शेअरची किंमत मात्र शेअर बाळगणारेच ठरवतात. त्या दोघांनी अमेरिकी कुटुंबं वेगळी काढली, तेव्हा दिसलं की शेअर असलेल्यांचा खर्च जास्त हलतो आणि बाजाराबरोबर जास्त हलतो. त्यामुळे जोखीमभीतीचा अंक बराच खाली येतो, तरी पटण्याजोग्या पातळीपर्यंत येत नाही.

हाच हिशेब आपल्याकडे करायचा तर? कुटुंबांच्या उपभोग खर्चाची सरकारी पाहणी 2011-12 नंतर 2017-18 मध्ये झाली, पण तिचे निष्कर्ष नोव्हेंबर 2019 मध्ये बाद केले गेले. पुढची पाहणी 2022-23 ची. मधली सगळी वर्षं कोरी आहेत, आणि 2020 त्यातच येतं. कुटुंबाकडे शेअर आहेत का, हे 2019 च्या कर्ज आणि गुंतवणूक पाहणीत विचारलं गेलं, पण ती कुटुंबं वेगळी आणि पाहणीही वेगळी. एकाच घराचा खर्च आणि त्याच घराचे शेअर सलग काही वर्षं एकत्र नोंदवणारी सरकारी पाहणी आता तरी सुरू व्हायला हवी. कोट्यवधी नवी डीमॅट खाती उघडली गेली आहेत, आणि ती उघडणाऱ्यांना जादा परताव्याचं आमिष रोज दाखवलं जातं. तो परतावा त्यांच्या घरातल्या कोणत्या वाईट वर्षाचा मोबदला आहे, हे त्याशिवाय मोजता येणार नाही.