अकरा चित्रे, एक चित्र आणि बाईंचा पहिला प्रश्न

गोवा बाल कायदा २००३ मध्ये संमत झाला आणि राज्यातील सर्व शाळांमध्ये शारीरिक शिक्षेवर बंदी आली. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने देशभर शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध ठरवला. छडी कायद्याने हिरावली, पण तिच्या जागी शिक्षकाने मुलाशी नेमके काय बोलायचे, हे कायदा सांगत नाही. ते त्याचे कामही नव्हे. परिणामी अनेक वर्गांत छडीची जागा त्याच चढ्या आवाजातील एका ठरावीक भाषणाने घेतली आहे. सहा वर्षांच्या आणि साडेनऊ वर्षांच्या मुलाला ते एकाच शब्दांत ऐकवले जाते, आणि मारामारीसाठी व गणवेश विसरण्यासाठीही तेच वापरले जाते. या भाषणाचा फारसा परिणाम का होत नाही, याचे एक कारण मुले बऱ्या-वाईटाचा विचार कसा करतात यात दडलेले आहे.

स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी १९३२ मध्ये मुलांच्या नैतिक निर्णयांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांना गोष्टींच्या जोड्या सांगितल्या. त्यातील एका जोडीत, जेवायला बोलावलेला मुलगा दार उघडतो; दारामागे ट्रे असल्याचे त्याला ठाऊक नसते आणि १५ कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरात नसताना कपाटातील मुरंबा काढायला जातो आणि त्याच्या हातून एक कप फुटतो. अधिक चूक कोणाची? लहान मुलांपैकी बहुतेकांनी पहिल्याची म्हटले, कारण १५ हे एकापेक्षा जास्त. वय वाढले तसा कल हेतूकडे झुकला.

आता हीच गोष्ट एखाद्या खेड्यातील शाळेत आणून पाहावी. पहिली ते चौथीची मुले एका खोलीत आणि शिकवायला एकच बाई, हे चित्र गोव्याला अपरिचित नाही. चित्रकलेचा तास आहे. वाळत घातलेली चित्रे जमिनीवर पसरली आहेत. दुसरीतला एक मुलगा बाईंनीच सांगितल्यावरून रंगाच्या पाण्याचा ट्रे उचलून मोरीकडे नेतो, वाटेतल्या दप्तरात पाय अडकतो आणि अकरा चित्रे भिजतात. त्याच तासाला चौथीतली एक मुलगी शेजारच्या मुलाचे चित्र टराटरा फाडते. त्याने तिचा ब्रश न विचारता घेतला होता, हे तिचे कारण.

बाईंचा आवाज कोणत्या वेळी अधिक चढेल? प्रामाणिक उत्तर बहुधा अकरा चित्रांच्या वेळी असेच येईल. नुकसान डोळ्यांसमोर असते, अकरा मुले रडत असतात आणि तास वाया गेलेला असतो. पियाजे यांचे एक निरीक्षण येथे नेमके लागू पडते. नुकसानावरून दोष मोजण्याची सवय मुलांच्या वयातून येते, तशीच ती मोठ्यांच्या वागण्यातूनही पोसली जाते. ज्या घरात स्टीलचे पेले सांडले तर चालते आणि काचेचा फुटला तर पाठीत धपाटा बसतो, तेथे मूल किमतीवरूनच दोष ओळखायला शिकते.

पियाजे यांच्या गोष्टींवर पुढे रास्त आक्षेप घेतले गेले. त्यांत हेतू आणि नुकसान एकाच वेळी बदलतात. शिवाय हेतू ऐकणाऱ्याने ओळखायचा असतो, नुकसान मात्र आकड्यात सांगितलेले असते. नंतरच्या अभ्यासकांनी हेतू स्पष्ट शब्दांत मांडला, तेव्हा पाच-सहा वर्षांची मुलेही तो विचारात घेताना दिसली. शिक्षकासाठी ही दुरुस्ती मूळ सिद्धांताहून अधिक उपयोगाची आहे. लहान मुलाला हेतू कळतच नाही असे नाही. तो त्याला दिसत नाही. वर्गासमोर तो दिसेल असा आणणे हे बाईंचे काम ठरते.

म्हणूनच दुसरीतल्या मुलाला ‘असं का केलंस?’ हा पहिला प्रश्न चुकीचा आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला त्यात चौकशी ऐकू येत नाही, शिक्षेची सूचना ऐकू येते. आणि तो शिक्षा कमी करणारे उत्तर शोधू लागतो. ‘मी नाही केलं’ किंवा ‘त्यानं ढकललं’ ही त्या शोधातील उत्तरे. त्याऐवजी बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारावे, ‘ट्रे न्यायला तुला कोणी सांगितलं होतं?’ ‘तुम्ही.’ ‘तुला चित्रं भिजवायची होती का?’ ‘नाही.’ ‘मग काय झालं?’ ‘दप्तर मधे होतं.’ एवढ्याने रडणाऱ्या अकरा जणांसमोर अपघात अपघात म्हणून उभा राहतो. नुकसान मात्र उरतेच. मुलगा, बाई आणि दप्तराचा मालक असे तिघे मिळून कागद टिपतात आणि दोरीवर टांगतात. यात शिक्षा नाही, पण भरपाई आहे.

चौथीतल्या मुलीशी हेच संभाषण उपयोगाचे नाही. तिचा हेतू स्पष्ट आहे, आणि तो तिला योग्यही वाटतो. ‘त्यानं आधी माझा ब्रश घेतला’ या वाक्यात एक न्याय आहे. अमेरिकेतील लॉरेन्स कोलबर्ग यांनी नैतिक विचाराच्या सहा पायऱ्या मांडल्या. पहिलीवर मूल शिक्षेला घाबरून वागते. दुसरीवर ते हिशेब मांडते: तू मला, मी तुला. तिसरीवर आपल्या माणसांना आपण कसे वाटतो, याला महत्त्व येते. कोलबर्ग यांच्या मूळ अभ्यासातील शिकागोची ७२ मुले १० ते १६ वर्षांची होती आणि ते सर्व मुलगे होते, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. प्राथमिक शाळेतील वय त्या अभ्यासाच्या उंबऱ्यापाशीच संपते. त्यामुळे सहा पायऱ्यांचा तक्ता वर्गात टांगण्यात अर्थ नाही. प्राथमिक शिक्षकाचा संबंध मुख्यतः पहिल्या दोन पायऱ्यांशी आणि तिसरीच्या चाहुलीशी येतो.

या मुलीला ‘शाळेचं नाव खराब होतं’ असे सांगणे म्हणजे तिच्या हिशेबाच्या वहीत नसलेली रक्कम मागणे होय. कोलबर्ग यांचे विद्यार्थी इलियट ट्युरिएल यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले, की मूल आपल्याहून एक पायरी वरचा युक्तिवाद जितका आत्मसात करते, तितका दोन पायऱ्या वरचा करत नाही. तेव्हा सुरुवात तिच्याच हिशेबातून करावी. ‘ब्रश परत मागता आला असता. फाटलेलं चित्र तो कोणाकडे मागणार?’ बरोबरी झालेली नाही, हे तिच्याच मापाने तिला दिसते. मग एकच पायरी वर: ‘उद्या तो तुला आपला ब्रश देईल का? तुझ्याबद्दल त्याला आता काय वाटत असेल?’ आणि शेवटी चित्र चिकटपट्टीने जोडणे किंवा नवे काढायला मदत करणे. शंभर वेळा ‘मी चित्र फाडणार नाही’ लिहिण्याचा फाटलेल्या चित्राशी संबंध नसतो. मुले मोठी होतात तशी चुकीशी नाते असलेली शिक्षा त्यांना अधिक न्याय्य वाटू लागते, हेही पियाजे यांनी नोंदवले आहे. लहानांना मात्र जितकी कडक तितकी ती न्याय्य वाटते. म्हणून पहिली-दुसरीत ‘याला काय शिक्षा करू या?’ असे सर्व वर्गाला विचारण्याची जी लोकशाहीची हौस दिसते, ती सांभाळून करावी; तेथे न्यायाधीश आरोपीहून भयंकर असतात.

वयाहूनही अधिक वेळा दुर्लक्षित राहतो तो नियमाचा प्रकार. ट्युरिएल आणि लॅरी नुची यांनी लहान मुलांना साधे प्रश्न विचारून पाहिले. बाईंनी परवानगी दिली तर दुसऱ्याला मारणे चालेल का? तसा नियमच नसेल तर? बालवाडीच्या वयाची मुलेही नाही म्हणतात, कारण समोरच्याला लागते. ठरल्या जागीच बसावे किंवा ठरावीक कपडे घालावेत, अशा नियमांबाबत मात्र तीच मुले म्हणतात, बाईंनी सांगितले तर चालेल. म्हणजे कोणते नियम बाईंच्या शब्दावर उभे आहेत आणि कोणते नाहीत, हे मुलांना आपल्या समजुतीपेक्षा बरेच आधी कळते. नुची यांना असेही आढळले, की शिक्षकाचे बोलणे चुकीच्या प्रकाराशी जुळत नसेल, तर मुले त्या शिक्षकाला कमी लेखतात.

आपल्या वर्गांत नेमकी अदलाबदल होते. मारामारीनंतर फळ्याशेजारच्या तक्त्याकडे बोट जाते: ‘नियम क्रमांक चार, कोणालाही मारू नये.’ ज्याचे ओठ फुटले आहेत तो बाजूला राहतो आणि अपमान जणू तक्त्याचा झालेला असतो. उलट पायमोजे विसरलेल्या मुलाला आई-बापाच्या कष्टांपासून संस्कारांपर्यंत सर्व ऐकवले जाते. तेथे ‘शाळेत हे घालायचे ठरले आहे, उद्या घालून ये’ एवढे पुरे होते. मारणाऱ्याला मात्र तक्ता न दाखवता ज्याला लागले तो दाखवावा.

या सगळ्याला मर्यादा आहेत. मूल काय बोलते आणि काय करते यांत अंतर असते. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी १९२८ ते १९३० या काळात सुमारे ११ हजार अमेरिकन मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. प्रामाणिकपणा हा मुलाचा कायमचा गुण असण्यापेक्षा प्रसंगावर कितीतरी अधिक अवलंबून असल्याचे त्यात दिसले. एका ठिकाणी नक्कल करणारे मूल दुसरीकडे सचोटीने वागत होते. पायरीचेही तसेच. तेच मूल मित्राबद्दल तिसऱ्या पायरीवरून आणि धाकट्या भावाबद्दल पहिल्या पायरीवरून बोलू शकते. ‘हा अजून पहिल्या पायरीवर आहे’ अशी चिठ्ठी मुलाच्या कपाळी लावणे म्हणजे जुन्या ‘ढ’चा नवा अवतार होईल.

संभाषण वाया जात आहे, याच्या खुणा वर्गातच दिसतात. एक खूण म्हणजे झटपट ‘सॉरी’. बाईंची नजर वळताच शब्द बाहेर पडतो आणि समोरच्याकडे पाहिलेही जात नाही. मुलाने शिक्षा संपवणारी किल्ली शोधलेली असते. दुसरी खूण अधिक विश्वासार्ह आहे. तुटलेली पट्टी, सांडलेली शाई, फुटलेला डबा बाईंना कोण सांगते? जेथे नुकसानावरून आवाज चढतो, तेथे या वस्तू बाकाखाली, दप्तराच्या तळाशी किंवा दुसऱ्याच्या जागेवर सापडतात. जेथे अपघाताला अपघात म्हटले जाते, तेथे काही आठवड्यांत मुले स्वतः येऊन सांगू लागतात, कधीकधी नको इतक्या तपशिलाने.

पण वर्गाबाहेर फाटकापाशी दुसरेच मोजमाप वाट पाहत असते. ज्याचे चित्र फाटले त्या मुलाची आई विचारते, ‘तिला काय शिक्षा केलीत?’ दोघांनी मिळून चित्र जोडले, हे उत्तर तिला अपुरे वाटते, आणि त्यात तिची चूक नाही. तिच्या शाळेत शिक्षा मोजून दिली जात असे. बाईंनी या वेळी सिद्धांत सांगू नये. जोडलेले चित्र मुलाच्या हातात असेल, तर ते कसे जोडले हे त्यालाच आईला सांगू द्यावे.