कानदुखी : औषध केव्हा, प्रतीक्षा केव्हा?

आपल्या चार वर्षांच्या नातवाला सर्दी आहे, रात्रीपासून एक कान दुखतो आहे, ताप १०० अंश फॅरनहाइट आहे आणि वेदनाशामक दिल्यावर तो खेळू लागतो, असे समजा. डॉक्टरांनी कान तपासून प्रतिजैविक न देता दोन-तीन दिवस थांबण्यास सांगितले, तर तो हलगर्जीपणा मानू नये. मध्यकर्णाचा असा सौम्य दाह बहुधा आपोआप शमतो. प्रतिजैविकाने पहिल्या दिवशीची वेदना कमी होत नाही. जुलाब वा पुरळ मात्र उद्भवू शकतात. या काळात डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेले पॅरासिटामॉल द्यावे. लसणाचे कोमट तेल कानात घालू नये. पडद्याला छिद्र असल्यास ते आत उतरते.

४८ ते ७२ तासांत उतार न पडल्यास वा त्याआधीच त्रास वाढल्यास पुन्हा तपासणी करून बहुधा प्रतिजैविक सुरू करावे लागते. मूल सहा महिन्यांहून लहान असेल, दोन वर्षांखालील मुलाचे दोन्ही कान बाधित असतील, कानातून पू येत असेल, ताप १०२ अंशांपुढे गेला असेल किंवा वेदना तीव्र असतील, तर मात्र प्रतीक्षा करू नये. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला वा मान ताठरली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.